शेजारच्या रायफलीला मझल ब्रेक असला की दणका आपल्यालाच जास्त का बसतो?

दुधनाकाठ, जालना

नमस्कार मंडळी. माझ्याकडे परवान्याची .३१५ रायफल आहे, साधी नळी, पुढं काही बसवलेलं नाही. आम्ही ज्या ठिकाणी सराव करतो तिथलं फायरिंग पॉइंट म्हणजे वर पत्रा, दोन्ही बाजूंना विटांची भिंत आणि समोरून उघडं. टेबलं एकमेकांपासून साधारण दीड मीटरवर. परवा शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांची .३०-०६ होती आणि तिच्या नळीला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला टोकाला बसवतात तो खिडक्यांचा तुकडा. त्यांनी पहिली गोळी मारली तेव्हा माझ्या छातीवर कुणीतरी तळहात आपटल्यासारखं झालं. टेबलावरचा कागद उडाला. कानावर मफ होतं, तरी संध्याकाळपर्यंत उजव्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली.

नवल म्हणजे ते गृहस्थ स्वतः म्हणत होते, "काय मऊ चालतीय बघा, खांद्याला काही कळतच नाही." तिथल्याच एकांचं म्हणणं पडलं की काडतूस तेच, दारू तेवढीच, म्हणजे आवाजही तेवढाच, तुम्हाला सवय नाही म्हणून जास्त वाटतं. मला ते पटलं नाही. छातीवर बसलेला दाब सवयीचा प्रश्न कसा असेल? नक्की होतं काय ते कुणी नीट सांगेल का?

नेमबाज_परभणी

ब्रेकमुळे आवाज वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा धक्क्याशी संबंध लोक उगाच जोडतात. धक्का गोळीचा असतो. गोळी पुढं जाते, रायफल मागं येते, न्यूटनचा तिसरा नियम. गॅस हवेसारखा हलका, तो काय धक्का देणार? ब्रेकचं वजन नळीच्या टोकाला येतं म्हणून रायफल जड होते आणि कमी हलते, एवढंच.

वाळूजकर_मशीनशॉप

परभणीकर, न्यूटनचा नियम बरोबर लावलात, पण अर्ध्याच मालाला लावलात. नळीतून फक्त गोळी बाहेर पडत नाही, जळलेली दारूही बाहेर पडते. दारू जळून गॅस झाली तरी तिचं वजन कुठं जात नाही. जेवढे ग्रॅम भरले तेवढेच ग्रॅम पुढं फेकले जातात, आणि तेही गोळीपेक्षा जास्त वेगानं.

दुधनाकाठ यांच्या शेजारच्या .३०-०६ चाच हिशेब घेऊ. गोळी साधारण १०.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८५० मीटर धरा. दोन्हींचा गुणाकार केला की गोळीचा संवेग ९.१ येतो. दारू ३.६ ग्रॅमच्या आसपास. गॅसचा सरासरी वेग गोळीच्या दीडपट धरू, म्हणजे १,२७५ मीटर. त्याचा संवेग झाला ४.६. एकूण १३.७. म्हणजे खांद्यावर जे येतं त्याचा एक तृतीयांश भाग त्या "हलक्या" गॅसचा असतो.

आता ब्रेक काय करतो ते बघा. नळीच्या तोंडापुढं त्याची एक छोटी पोकळी असते. पोकळीच्या पुढच्या टोकाला आडवी भिंत, भिंतीत गोळीपुरतं भोक. गोळी भोकातून निघून जाते. मागून आलेला गॅस मात्र गोळीइतका सरळ राहत नाही, नळी सुटली की तो पसरतो. पसरलेला बराचसा गॅस त्या भिंतीवर आदळतो आणि बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पडतो. आदळताना तो भिंतीला, म्हणजेच रायफलीला, पुढं ढकलतो. अर्धा गॅस जरी असा पुढच्या दिशेतून काढून घेतला तरी १३.७ मधले २.३ वजा झाले, उरले ११.४. चार किलोच्या रायफलीत मागं येण्याची ऊर्जा २३ जूलवरून १६ वर येते. खिडक्या मागच्या बाजूला तिरक्या कापल्या असतील तर आणखी कमी. खांद्याला हा फरक लगेच समजतो. ब्रेकच्या वजनानं एवढं होत नाही, तो शंभर-दीडशे ग्रॅमचा तुकडा असतो.

नेमबाज_परभणी

हिशेब मान्य. पण एक सांगा, गोळी भोकातून जात असताना ते भोक बुचासारखं बंद असतं, म्हणून गॅस बाजूला जातो ना? गोळी निघून गेली की भोक मोकळं. मग उरलेला गॅस सरळच जाणार. ब्रेकचं काम फार तर एका क्षणाचं.

वाळूजकर_मशीनशॉप

बुचाचं खरं आहे, पण तो हिस्सा अगदी छोटा. ८५० मीटरच्या वेगानं दोन सेंटिमीटरची पोकळी ओलांडायला गोळीला सेकंदाच्या लाखाव्या भागाचे दोन-अडीच भाग पुरतात. नळी पूर्ण रिकामी व्हायला त्याच्या कितीतरी पट, म्हणजे काही मिलिसेकंद लागतात. ब्रेकचं बहुतेक काम गोळी निघून गेल्यावरच होतं. भोक मोकळं असलं तरी गॅस त्याच्यापेक्षा खूप रुंद पसरलेला असतो. गोळी बाहेर पडते त्या वेळी नळीच्या तोंडाशी दाब बाहेरच्या हवेच्या काही शे पट असतो. एवढ्या दाबाचा गॅस मोकळ्यात आला की चहूकडं फुगतो. मधला पट्टा भोकातून निसटतो, बाकीचा भिंतीवर. म्हणूनच पहिली भिंत सर्वांत जास्त काम करते, दुसरी त्याहून कमी, आणि चौथ्या-पाचव्या भिंतीनं फार फरक पडत नाही.

आता दुधनाकाठ यांच्या मूळ प्रश्नावर. "दारू तेवढीच म्हणून आवाज तेवढाच" हे म्हणणारे गृहस्थ एकूण ऊर्जेबद्दल बोलतात. एकूण ऊर्जेपुरतं ते फारसं चूक नाही. पण कान काही एकूण ऊर्जा मोजत नाही. तुमच्या कानाच्या दिशेनं किती दाब आला तेवढाच त्याला कळतो. साध्या नळीचा स्फोटदाब समोरच्या दिशेला सर्वांत जास्त आणि मागं सर्वांत कमी असतो. म्हणजे नेम धरणाऱ्याला आणि शेजाऱ्याला निसर्गतःच सवलत मिळालेली असते. ब्रेक ती सवलत काढून घेतो. पुढं जाणारा झोत वळवून बाजूला आणि मागं सोडतो. पुढं उभं राहून ऐकणारा कुणी असता, तर त्याला उलट थोडं कमी लागलं असतं.

विहिरीच्या मोटारीच्या पाइपातून जोरात पाणी पडत असताना तोंडापुढं फळी धरून बघा. फळी पुढं रेटली जाते, तुम्हाला ती धरून ठेवावी लागते, आणि बाजूला उभी असलेली माणसं भिजतात. पाणी वाढलेलं नसतं.

कळमनुरी_शिवार

राम राम. म्या शेतकरी माणूस, माझ्याकडं बारा बोअरची एकनळी हाय, डुकरासाठी परवाना काढलेला. झटका लई बसतो, खांदा दुखायलाय. हे ब्रेक बारा बोअरला बसवता येतंय का? कुठं मिळतंय अन् किती रुपयाला? आमच्याकडं तर शेजारी कुणी नसतंय, रानात एकटाच असतो, त्यामुळं आवाजाचं काही नाही.

वाळूजकर_मशीनशॉप

काका, तुमच्या बंदुकीला त्याचा उपयोग जवळपास नाही. बारा बोअरमध्ये छर्रे साधारण ३२ ग्रॅम असतात आणि दारू दीड-पावणेदोन ग्रॅम. छर्ऱ्यांचा वेगही रायफलीच्या निम्म्याहून कमी. वरचाच हिशेब केला तर छर्ऱ्यांचे १२ च्या आसपास आणि गॅसचा एकसुद्धा पुरता भरत नाही. सगळा गॅस बाजूला काढला तरी शंभरातले सात-आठ कमी होतील, खांद्याला काही कळणार नाही. ज्या काडतुसात गोळीच्या मानानं दारू जास्त, तिथंच ब्रेक चालतो. तुमचा खरा उपाय दस्त्याला मागून जाड रबरी पॅड आणि हलकं काडतूस. आणि परवान्याच्या हत्यारात काहीही बदल करायचा असेल तर आधी कायद्याचं विचारून घ्या, परस्पर भोकं पाडून आणू नका.

आणि एकटे असलात तरी तुमचे स्वतःचे दोन कान तिथं असतातच. रानातही कानात प्लग घाला.

कळमनुरी_शिवार

बरं बरं. पॅडचं बघतो. हिंगोलीत मिळतंय का ते इचारतो.

जवान_हिंगोली

आमच्या इन्सास रायफलीलासुद्धा पुढं खाचा आहेत. एके-४७ ला पण तिरका कापलेला तुकडा आहे. म्हणजे सगळ्यालाच ब्रेक आहे की. आम्ही रांगेत पडून फायर करतो, तरी शेजारच्याचा असा छातीवर दणका कधी बसला नाही. त्यामुळं मला वाटतंय जालन्याच्या दादांच्या इथं पत्र्याचा आवाज घुमला असावा.

तोफखाना_निवृत्त, धाराशिव

जवान, नळीच्या टोकाला जे जे बसवलेलं दिसतं ते सगळं ब्रेक नसतं. इन्सासच्या खाचा ज्वाला लपवायला आहेत. तिथं गॅस लांबट खाचांतून पसरून लवकर थंड होतो, त्याच्या वाटेत आडवी भिंत नाही. एके-४७ च्या नंतरच्या मॉडेलचा तिरका तुकडा नळी वर-उजवीकडं उचलते ती दाबायला आहे. गॅस एका बाजूला जास्त सुटतो, बाकी सगळं पुढंच जातं. रशियाची एके-७४ मात्र खऱ्या ब्रेकची. तिच्या पुढं लांब नळकांडं आहे, बाजूला मोठ्या खिडक्या आहेत, आणि तिचा बाजूचा दणका शेजारच्या सैनिकाला नकोसा होतो अशी तिची ख्याती आहे. ओळखायची खूण एकच: पुढून बघा, गॅस अडेल अशी भिंत आहे का, आणि बाजूला खिडकी आहे का. दोन्ही असेल तर ब्रेक.

माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली. १३० मिलिमीटरच्या रशियन तोफेच्या टोकाला भोकाभोकांचं नळकांडं असायचं, तोही ब्रेकच. तोफेत तर त्याच्याशिवाय भागत नाही. धक्का कमी केला नाही तर तोफेची गाडी इतकी जड करावी लागते की ती डोंगरावर चढायची नाही. पण तिथं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगात मुरवतात. ब्रेक जितका चांगला, तितका तोफचमूवर दाब जास्त. दोन्ही एकत्र येतात. धक्का मोठ्या प्रमाणात कमी करायचा तर गॅस मागं वळवावा लागतो, आणि मागं माणसं असतात. म्हणून तोफेचा ब्रेक बनवणारे मुद्दाम हात राखतात. जेवढा शक्य आहे तेवढा धक्का कमी करत नाहीत, माणसाला सोसेल तेवढाच करतात. तोफ उडताना कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं असतं, आणि चाकाच्या पुढं बाजूला कुणालाही येऊ देत नाहीत.

रायफलीचे ब्रेक बनवणारे असा हात राखत नाहीत, कारण विकत घेणारा खांद्याचा विचार करून घेतो. शेजारचा माणूस दुकानात आलेला नसतो.

दुधनाकाठ, जालना

काका, फार छान समजावलंत. पण एक कोडं उरलंच. नळीचं तोंड त्या गृहस्थांच्या कानापासून जास्त जवळ आणि माझ्यापासून लांब. मग त्यांना मऊ आणि मला जोरात, असं कसं? खांद्याचं समजलं. कानाचं काय?

वाळूजकर_मशीनशॉप

हाच या धाग्यातला खरा प्रश्न आहे. तुमची मापं घेऊन सांगतो.

त्यांचा कान नळीच्या तोंडापासून सुमारे एक मीटर, थेट मागं. तुमचं डोकं त्यांच्या डोक्याच्या रेषेत, पण दीड मीटर बाजूला. म्हणजे तोंडापासून एक मीटर मागं आणि दीड मीटर आडवं. तिरकं अंतर निघतं १.८ मीटर. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की दाब निम्मा होतो, डेसिबलमध्ये सहा कमी. १ वरून १.८ वर गेलात तर पाच डेसिबलची सूट. नुसतं अंतर बघितलं तर तुम्ही सुखात असायला हवं होतं.

आता दिशा बघा. समोरची दिशा शून्य धरली तर ते गृहस्थ १८० अंशांवर आहेत आणि तुम्ही साधारण १२४ अंशांवर. ब्रेकच्या खिडक्या तीस अंश मागं तिरक्या असतील तर झोत निघतो १२० अंशांवर. सरळ तुमच्याकडं. झोताच्या तोंडासमोर आणि ठीक मागच्या बाजूला दाबात पाच-सहा डेसिबलचा फरक असला, तरी तुमची अंतराची सगळी सूट संपली. त्याहून जास्त असला, तर लांब असूनही तुम्हाला जास्त बसलं. शिवाय ते स्वतः गोळी कधी सुटणार हे जाणून होते, रायफल गालाला टेकलेली, अंग आवळलेलं. तुम्ही बेसावध होतात.

पण त्यांच्या कानालाही मऊ होतं असं समजू नका. मऊ फक्त खांद्याला. साध्या नळीच्या मोठ्या रायफलीचा नेमबाजाच्या कानापाशी आवाज १५५ ते १६० डेसिबलच्या घरात असतो. ब्रेक बसवला की त्यात सर्वसाधारणपणे पाच ते दहा डेसिबलची भर पडते. दहा डेसिबल म्हणजे दाब तिपटीहून जास्त.

जवानांचं पत्र्याचं म्हणणंही टाकून देण्यासारखं नाही. टेबलापासून पत्रा दीड मीटर वर असेल, तर वर जाऊन खाली येणारी लाट साडेतीन मीटरचा रस्ता कापून तुमच्यापर्यंत येते, मूळ लाटेनंतर सुमारे पाच मिलिसेकंदांनी. कानाला दोन वेगळे आवाज ऐकू येत नाहीत, पण कानाच्या आतल्या भागाला मार दोनदा बसतो. भिंतीजवळच्या टेबलावर तिसराही. उघड्या माळावर हीच रायफल इतकी बोचणार नाही.

रेणापूरची_ताई

माझी मुलगी लातूरला दहा मीटर एअर रायफल करते. तिच्या रायफलीच्या नळीच्या टोकालाही भोकं असलेला तुकडा आहे. हे सगळं वाचून मला काळजी वाटायला लागली. एका रांगेत कितीतरी मुलं असतात, सगळ्यांच्या रायफलीला तसंच असतं. तिच्या कानाला काही होईल का? कोचना विचारलं तर ते म्हणाले काही नाही होत, पण त्यांनी कारण सांगितलं नाही.

वाळूजकर_मशीनशॉप

ताई, निश्चिंत राहा. तिच्या रायफलीत दारू नसते, दाबलेली हवा असते. पेलेट अर्ध्या ग्रॅमचं, वेग आवाजाच्या वेगाच्या निम्मा. त्या भोकांचं काम वेगळं आहे. पेलेटच्या मागून येणारी हवा त्याला डगमगवू नये म्हणून ती बाजूला काढून टाकायची. हे सगळं ज्या दाबाबद्दल चाललंय त्याच्या जवळपासही त्या हवेचा दाब येत नाही. फक्त पुढं ती कधी मोठ्या रायफलीकडं वळली, तर हा धागा तिला दाखवा.

कान_नाक_घसा_नांदेड

मी नेमबाज नाही, कानाची डॉक्टर आहे. बंदुकीचा एक बार आणि कारखान्यातला दिवसभराचा गोंगाट यांत फरक आहे तो सांगते. सततच्या आवाजात कान हळूहळू थकतो. बंदुकीच्या बारात तेवढा वेळच नसतो. कानाच्या आत एक लहान स्नायू आहे, मोठा आवाज झाला की तो आवळतो आणि थोडं संरक्षण देतो. पण त्याला आवळायला काही दशांश मिलिसेकंद नाही, कितीतरी मिलिसेकंद लागतात. तोवर लाट येऊन गेलेली असते. म्हणून अशा आवाजासाठी १४० डेसिबलची शिखरमर्यादा मानतात, त्यापुढं एकच बारसुद्धा कायमची इजा करू शकतो.

दुधनाकाठ, तुमच्या कानात शिट्टी वाजली आणि संध्याकाळपर्यंत राहिली, याचा अर्थ त्या दिवशी कानाच्या आतल्या पेशींना मार बसला होता. शिट्टी थांबली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं धरू नका. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, विशेषतः ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो का ते बघायला सांगा. गोळीबाराची इजा आधी तिथंच दिसते, आणि बोलणं ऐकू येण्यात अडचण नसते म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. कान बंद झाल्यासारखा राहिला किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशीही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

तुम्ही मफ घातलं होतं म्हणता. चष्मा लावता का?

दुधनाकाठ, जालना

हो डॉक्टर, चष्मा आहे. आणि दस्ता उजव्या गालाला टेकतो. पण दणका डावीकडून आला होता आणि शिट्टी उजव्या कानात, याचं मला कोडं पडलं होतं.

कान_नाक_घसा_नांदेड

त्यातच उत्तर असण्याची शक्यता आहे. चष्म्याची जाड काडी मफच्या गादीखालून जाते तिथं फट राहते. त्यात दस्त्यानं उजवं मफ खालून थोडं उचललं गेलं असेल. एवढ्याशा फटीनं मफचं काम बरंच ढासळतं. डावं मफ दणक्याच्या बाजूला होतं पण नीट बसलेलं होतं. उजवीकडं थेट लाट कमी आली तरी भिंतीवरून परतलेली लाट त्या फटीतून आत गेली असावी. हे मी तुमच्या कानाची तपासणी न करता सांगते, तेव्हा अंदाजच समजा.

स्वतःला तपासायचं तर असं करा. मफ लावून दस्त्यावर गाल टेका आणि कुणाला तरी शेजारी बोलायला सांगा. गाल टेकल्याबरोबर त्यांचा आवाज स्पष्ट झाला तर फट पडते आहे. उपाय म्हणजे कानाच्या भोकात फोमचा प्लग आणि वरून मफ, दोन्ही. प्लग बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर त्याचा उपयोग नाही. दोन्ही लावल्यानं संरक्षणाची बेरीज होत नाही हेही लक्षात ठेवा. दोन्हींतलं जे चांगलं, त्याच्यावर पाचेक डेसिबल मिळतात. कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो, तो कशानं अडत नाही.

नेमबाज_परभणी

मी प्लग लावूनच सराव करतो आणि मला ब्रेकवाली रायफल शेजारी चालते. पण माझा अनुभव वेगळ्याच गोष्टीचा आहे. आवाज सोसला जातो, पण शेजारी ब्रेकवाला असला की माझा ग्रुप पसरतो, गोळ्या टार्गेटवर एकत्र न पडता विखुरतात. तो ट्रिगर दाबेल या भीतीनं डोळा आधीच मिटतो. यावर प्लगचा उपाय नाही.

तोफखाना_निवृत्त, धाराशिव

खरं आहे. छातीवरचा आणि चेहऱ्यावरचा दाब कानातल्या प्लगनं थांबत नाही, आणि शरीर कानापेक्षा त्यालाच जास्त दचकतं.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट. पडून फायर करताना ब्रेकच्या खाली खिडकी असली की उन्हाळ्यात फुफाटा उडतो. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानात तर दोन-तीन गोळ्यांनंतर समोरचं काही दिसत नाही आणि धूळ शेजाऱ्याच्या डोळ्यात. म्हणून खालच्या बाजूला खिडकी नसलेला ब्रेकच घ्यावा, आणि नळीखाली ओलं पोतं किंवा ताडपत्री अंथरावी. शेजाऱ्यालाही चष्मा हवा. जळायची राहिलेली दारूची कणी झोताबरोबर बाजूला येते, ती चेहऱ्याला टोचते.

दुधनाकाठ, जालना

आता व्यवहाराचं बोलू. आमच्या तिथं एक सूचना आली की दोन टेबलांच्या मध्ये पार्टिशन घालावं. कुणी म्हणालं पत्रा लावू, कुणी म्हणालं कडब्याच्या पेंढ्या रचू, आवाज शोषतील. एकानं सुचवलं की ब्रेकवाल्यानं टेबल एक मीटर पुढं घ्यावं, म्हणजे तोंड लांब जाईल. काय करावं?

वाळूजकर_मशीनशॉप

तिसरी सूचना आधी खोडतो. फायरिंग लाइनच्या पुढं कुणी बसायचं नाही, कुठल्याही कारणासाठी. सगळ्यांची तोंडं एका रेषेत हवीत. पुढं गेलेला माणूस मागच्याच्या झोतातही येतो आणि नळीच्या वाटेतही.

कडबाही नको. ब्रेकच्या खिडकीतून जळती कणी बाहेर येते, मेमध्ये वाळलेला कडबा पेट घ्यायला वेळ लागत नाही. नुसता पत्रा लावला तर तुमच्यापर्यंत येणारी थेट लाट अडेल, पण ती परत त्या गृहस्थांवर जाईल. पार्टिशन जड हवं, तोंडाच्या पुढं निदान अर्धा मीटर जाईल इतकं लांब हवं, आणि त्यांच्या बाजूनं न पेटणाऱ्या मऊ थराचं हवं. नाहीतर त्यांनाच दोन्हीकडून मार. आणि वरचा पत्रा तसाच राहिला तर लाट पार्टिशनवरून उडी मारून येणारच.

खर्च न करता सर्वांत जास्त फायदा मधलं टेबल रिकामं ठेवून होतो. तुम्ही दीडऐवजी तीन मीटर बाजूला गेलात की तिरकं अंतर १.८ वरून ३.२ मीटर होतं, जवळपास पाच डेसिबल कमी. दिशाही १०८ अंशांवर जाते, म्हणजे तिरक्या झोताच्या थोडं पुढं. ब्रेकवाल्याला भिंतीलगतचं टेबल देऊ नका. बाकी कुणी त्याच्या बाजूला असताना फायर करण्याआधी त्यानं मोठ्यानं "ब्रेक!" म्हणून सांगावं.

आणि त्या गृहस्थांना विचारून बघा, ब्रेक काढून चालेल का. बहुतेक ब्रेक नळीच्या आट्यांवर बसतात, टोकाला आट्या झाकायची टोपी लावता येते. फक्त एक सांगतो, ब्रेक काढला-घातला की गोळी पडण्याची जागा बदलते, नेमाची जुळणी, म्हणजे झीरो, पुन्हा तपासावा लागतो. आणि परत बसवताना तो सरळ बसला नाही तर गोळी भिंतीला घासते. ओळखायची खूण म्हणजे आतल्या भोकाच्या कडेला एका बाजूनं चमकदार ओरखडा आणि टार्गेटवर आडवं पडलेलं भोक. असं दिसलं की त्याच क्षणी फायर थांबवायचं.

नेमबाज_परभणी

ब्रेक काढायला सांगणं मला पटत नाही. .३०-०६ चा खांदा सगळ्यांना सोसत नाही. वयस्क माणूस असेल, खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल. तो ब्रेकशिवाय नेमबाजीच करू शकत नसेल तर? त्याला बाहेर काढायचं का?

कान_नाक_घसा_नांदेड

आणि त्याच्या शेजारच्याचा कान गेला तर त्याला कुठून आणायचा? खांदा पॅडनं, हलक्या काडतुसानं सांभाळता येतो. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

तोफखाना_निवृत्त, धाराशिव

दोघांचं बरोबर आहे. म्हणून वेळ वाटून घ्यावी, ब्रेकवाल्यांची वेगळी पाळी. आमच्याकडं माणसं हलवता येत होती कारण हुकूम होता. क्लबमध्ये हुकूम चालत नाही, तिथं बोलूनच ठरवावं लागतं.

जवान_हिंगोली

वाळूजकर दादा, एक शंका. खिडक्या मागं तिरक्या नसून सरळ ९० अंशांवर असलेला ब्रेक घेतला तर शेजाऱ्याचा त्रास कमी होईल का? म्हणजे झोत त्याच्या पुढून निघून जाईल.

वाळूजकर_मशीनशॉप

झोताचा मधला पट्टा पुढून जाईल, हे बरोबर. नेमबाजाला स्वतःला नक्की फरक पडेल. पण झोत बाहेर पडला की फुगतो आणि त्याच्याभोवतीची दाबलाट सगळीकडं जाते, त्यामुळं शेजाऱ्याला किती फायदा हे त्या-त्या ब्रेकच्या खिडकीच्या आकारावर अवलंबून राहील. धक्काही थोडा जास्त बसेल, कारण मागं वळवलेल्या गॅसचा अधिकचा फायदा गेला. दुधनाकाठ, त्या गृहस्थांच्या ब्रेकचा बाजूनं एक फोटो टाकता आला तर खिडकीचा कोन बघून सांगता येईल.

दुधनाकाठ, जालना

रविवारी ते येणार आहेत, परवानगी घेऊन फोटो काढतो. मधलं टेबल रिकामं ठेवायचं आमच्या लोकांनी मान्य केलं आहे, पार्टिशनचा वाद अजून चालूच आहे. ऑडिओमेट्रीची वेळ सोमवारची घेतली आहे.